विहिरीच्या पंपाचा प्रेशर स्विच: कट-इन, कट-आउट कसे बदलायचे आणि गेज कसा वाचायचा

विहिरीवर पंप, घराजवळ प्रेशर टँक, टँकच्या नळीवर प्रेशर स्विचची एक छोटी काळी-करडी डबी आणि शेजारी काट्याचा गेज. अशी व्यवस्था नव्याने ताब्यात आली की कधीतरी वरच्या मजल्यावरून तक्रार येतेच: "शॉवरला जोर नाही." मग कुणीतरी सांगतं, त्या डबीचं झाकण काढ आणि मोठा नट आवळ. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. नट आवळायला दोन मिनिटं लागतात. तो किती आवळता येईल हे मात्र पंप, विहिरीतली पाण्याची पातळी आणि टँकमधली हवा मिळून ठरवतात. ते न पाहता आवळला, तर आज सगळं छान चालतं आणि उन्हाळ्यात एक दिवस पंप बंद व्हायचं नावच घेत नाही.

हा लेख एकाच कामापुरता आहे. कारखान्यातून ३०/५० वर लावून आलेला साधा दोन स्प्रिंगांचा स्विच आपल्याला थोडा वर न्यायचा आहे. त्यासाठी आधी काय मोजायचं, नट कुठला आणि किती फिरवायचा, आणि झालेलं काम बरोबर आहे हे गेजवरून कसं ओळखायचं, ते क्रमाने पाहू.

## १. ते दोन आकडे म्हणजे काय

३०/५० यातला ३० म्हणजे कट-इन. नळ उघडल्यावर टँकमधलं प्रेशर उतरत ३० पीएसआयला आलं की स्विचचे कॉन्टॅक्ट जुळतात आणि पंप सुरू होतो. ५० म्हणजे कट-आउट. तिथे पोचलं की कॉन्टॅक्ट सुटतात आणि पंप थांबतो. मधल्या २० पीएसआयच्या फरकात पंप बंद असतो आणि घराला पाणी देतो तो टँक. आत रबरी पिशवी किंवा पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. ती हवाच पाणी नळापर्यंत ढकलते.

बाजारात ह्या स्विचचे २०/४०, ३०/५० आणि ४०/६० असे ठरलेले प्रकार मिळतात. तुमचा कुठला आहे ते बहुधा झाकणाच्या आतल्या कागदावर छापलेलं असतं. त्यावर आंधळा विश्वास नको, कारण तुमच्या आधी कुणी नट फिरवला असेल तर कागदाला त्याचा पत्ता नसतो.

गेजवर दोन पट्ट्या असतील तर गोंधळू नका. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. म्हणजे ३० पीएसआय हे २ बारच्या किंचित वर आणि ५० पीएसआय हे साडेतीन बारच्या जरा खाली. पूर्ण काम एकाच पट्टीवर करा. मी पुढे सगळीकडे पीएसआयच लिहितो.

## २. जमवाजमव

झाकण उघडण्याआधी हे हाताशी असू द्या:

- करंट तपासायचा टेस्टर
- स्विचच्या नटांच्या मापाची लांब बॉक्स चावी (पक्कड नको, नटाच्या कडा जातात)
- गाडीच्या चाकाची हवा मोजायचा गेज
- हवा भरायचा पंप किंवा छोटा कॉम्प्रेसर
- माप माहीत असलेली बादली
- कागद आणि पेन
- वजन बांधलेली दोरी आणि टेप

आणि वाचायला तीन गोष्टी: पंपाची नेमप्लेट किंवा त्याची पुस्तिका, टँकवरचं लेबल आणि स्विचच्या झाकणातली आकृती. नेमप्लेट सबमर्सिबलबरोबर पाण्यात गेली असेल तर बिल किंवा पुस्तिका शोधावी लागेल. शोधाच, पुढचा सगळा हिशेब त्यातल्या एका आकड्यावर उभा आहे.

## ३. आधी गेजला विचारा, दोष स्विचचा आहे का

वरच्या मजल्यावरचा शॉवर पूर्ण उघडा ठेवा आणि कुणाला तरी खाली टँकजवळ गेजसमोर उभं करा. काटा ४० ते ५० च्या मध्ये असतानाही शॉवर मरगळलेलाच असेल, तर दोष स्विचकडे नाही. मधला फिल्टर तुंबलाय, कुठला तरी व्हॉल्व्ह अर्धाच उघडा आहे किंवा शॉवरच्या जाळीत क्षार बसलेत. अशा वेळी प्रेशर वाढवलं तर तुंबलेल्या जागेमागे जास्त दाब साठेल, शॉवरखालच्या माणसाला फारसा फरक कळणार नाही.

काटा वर असताना शॉवर ठीक आणि ३० जवळ आला की मरगळ, असं दिसलं तर मात्र स्विच वर न्यायला अर्थ आहे. कारण उंची प्रेशर खाते. दर मीटर चढाला सुमारे १.४ पीएसआय जातं. टँकपासून शॉवर सहा मीटर वर असेल तर खाली ३० दिसतं तेव्हा वर जेमतेम साडेएकवीस उरतं. शिवाय पाइपमधल्या घर्षणाची वजावट वेगळी.

त्याच वेळी गेजचीही परीक्षा घ्या. स्वस्त गेजच्या डायलवर बारीक अक्षरांत बऱ्याचदा क्लास छापलेला असतो. क्लास २.५ याचा अर्थ पूर्ण पट्टीच्या अडीच टक्के चूक चालेल. पट्टी १०० पीएसआयची असेल तर काटा अडीच पीएसआय इकडे किंवा तिकडे असू शकतो. आपल्या कामाला एवढं चालतं. चालत नाही ते म्हणजे वर्षानुवर्षं ओलाव्यात राहून अडकलेला काटा. काचेवर बोटाने हलकं टिचकवा. काटा उडी मारून दुसरीकडेच जाऊन बसला, किंवा टँक पूर्ण रिकामा असूनही शून्यावर येत नसला, तर आधी गेज बदला. खोट्या गेजवर लावलेला स्विच खोटाच लागतो.

## ४. तुमच्या पंपाचं छत किती, ते काढा

मला विचाराल तर ह्या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक गाळतात तीही हीच.

प्रत्येक पंपाची पाणी वर चढवायची एक कमाल मर्यादा असते. नेमप्लेटवर ती मीटरमध्ये हेड म्हणून देतात. बऱ्याचदा दोन आकडे असतात. त्यातला मोठा घ्या. एकच आकडा असेल आणि तो कमाल आहे की कामाचा आहे हे कळत नसेल, तर पुस्तिकेतल्या आलेखात पाण्याचा प्रवाह शून्य असताना हेड किती ते पाहा. या मर्यादेला पंप फिरत राहतो, पण पाणी पुढे जात नाही.

आता त्या हेडमधून विहिरीतली पाण्याची खोली वजा करायची. खोली मोजायची ती गेजच्या पातळीपासून पाण्यापर्यंत, आणि तीही वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांतली. त्यातही पंप बराच वेळ उपसत असताना पाणी जिथे येऊन थांबतं ती पातळी धरा. उरलेल्या मीटरांना १.४२ ने गुणलं की पीएसआय मिळतात. तेच तुमचं छत.

उदाहरण घेऊ. पंपाचं कमाल हेड ६५ मीटर. हिवाळ्यात पाणी गेजच्या ९ मीटर खाली. उरले ५६ मीटर, म्हणजे ७९ पीएसआय. हा आकडा पाहून कुणीही म्हणेल की ४०/६० आरामात बसेल. पण उन्हाळ्यात उपसा चालू असताना पाणी २० मीटर खाली जातं. उरतात ४५ मीटर, म्हणजे ६४ पीएसआय. आता कट-आउट ६० वर ठेवला तर छताला जेमतेम चार पीएसआय उरतात. त्यातले अडीच गेजच्या चुकीत जाऊ शकतात आणि पंप जुना झाला, इंपेलर झिजले की छतच खाली येतं. मग काटा ५८-५९ वर जाऊन अडकतो, कॉन्टॅक्ट सुटत नाहीत आणि पंप तासन् तास फिरत राहतो. पाणी पुढे सरकत नसल्याने आतलं पाणी तापतं, सील जातं, शेवटी मोटर जळते. हिवाळ्यात स्विच लावणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून ह्या उदाहरणात मी ४०/६० करणार नाही, ३५/५५ करीन. छतापासून नऊ पीएसआय मोकळे राहतात. वरच्या शॉवरला किमान पाच पीएसआय जास्त मिळतात, आणि जाणवतो तो किमान आकडाच.

वरची मर्यादा आणखी एका जागी तपासा: टँकच्या लेबलवरचं कमाल प्रेशर. कट-आउट त्याच्या बराच खाली हवा, आणि लाइनवर रिलीफ व्हॉल्व्ह असेल तर तो उघडायच्या प्रेशरच्याही खाली. नाहीतर दर फेरीला तो पाणी सोडत बसेल.

## ५. आत्ताचे खरे आकडे टिपा

काहीही न उघडता, एक नळ पेन्सिलीएवढी धार येईल इतकाच उघडा. पूर्ण उघडला तर काटा इतक्या वेगाने पडतो की पंप नेमका कुठे लागला ते वाचता येत नाही. बारीक धारेवर काटा सावकाश उतरतो: ४०, ३६, ३३. आता काटा आणि कान दोन्हीकडे लक्ष. ठक्क असा आवाज येतो, त्याच क्षणी काटा जिथे होता तो तुमचा कट-इन. पुढच्या सेकंदाला पंपाच्या धक्क्याने काटा थरथरतो किंवा उसळी घेतो, तो आकडा टिपू नका.

नळ बंद करा. काटा चढू लागतो. पुन्हा ठक्क झालं की तो कट-आउट. थांबल्यावर काटा एक-दोन पीएसआय मागे येऊन स्थिरावतो, तेही चालतं. हे दोनदा करा आणि आकडे कागदावर लिहा.

चढताना शेवटच्या पाच पीएसआयकडे मुद्दाम बघा. काटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बऱ्यापैकी एका चालीने चढत असेल तर पंपाकडे जोर शिल्लक आहे. शेवटी रेंगाळत, मुंगीच्या चालीने ५० गाठत असेल, तर छत जवळ आलंय. मग कागदावरचा हिशेब काहीही म्हणो, वर जाऊ नका.

## ६. करंट बंद, मग झाकण

एमसीबी पाडा. त्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर "पाणी का नाही" म्हणत घरातलं कुणीतरी वर करतं. झाकण काढल्यावर आतल्या चारही टर्मिनलना टेस्टर लावून बघा. लहान मोटरला पंपाचा पूर्ण करंट ह्याच उघड्या स्क्रूंमधून जातो, आणि ते नटांपासून बोटभरच अंतरावर असतात. मोठ्या मोटरला स्विच फक्त स्टार्टरला इशारा देतो, तरी करंट तिथेही असतोच.

काही जण पंप चालू ठेवून, काटा बघत बघत नट फिरवतात. वेळ वाचतो हे खरं, पण चावी घसरली की जाते ती थेट टर्मिनलवर. प्रत्येक वेळी करंट बंद, नट फिरवा, झाकण लावा, करंट चालू, मोजा. कंटाळवाणं आहे, तरीही ह्याच क्रमाने करा.

झाकण उघडंच आहे तर कॉन्टॅक्टवर नजर टाका. थोडे काळवंडलेले असतील तर चालतं. खड्डे पडलेले, वितळून खडबडीत झालेले असतील तर हा स्विच लावत बसू नका, नवा बसवा. कॉन्टॅक्ट घासून कसाबसा चालवलेला स्विच एखाद्या रात्री चिकटून बसतो आणि मग कट-आउट उरतच नाही.

## ७. मोठा नट

आत दोन स्प्रिंगा दिसतील. मोठ्या स्प्रिंगवरचा नट कट-इन आणि कट-आउट दोन्ही बरोबरीने हलवतो. घड्याळाच्या दिशेने आवळला की दोन्ही वर, सैल केला की दोन्ही खाली. मधला फरक जवळपास तसाच राहतो. ३०/५० चं ३५/५५ करायला एवढाच नट पुरतो.

एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण दोन ते तीन पीएसआय. पाच वाढवायचे म्हणजे अंदाजे दोन फेरे. पण दोन्ही एकदम देऊ नका. एक फेरा द्या, झाकण, करंट, आणि पाचव्या पायरीप्रमाणे मोजा. समजा ३०/५० चं ३२/५२ झालं, म्हणजे तुमच्या स्विचला फेऱ्याला दोन पीएसआय पडतात. आणखी दीड फेरा द्या. ३५.५ आलं की ३५ करायच्या नादी लागू नका, तेवढं गेजलाच वाचता येत नाही.

नट फिरवूनही आकडे हलत नसतील, किंवा एकदा ३४ ला आणि एकदा २९ ला पंप लागत असेल, तर स्विचखालची बारीक निपल तपासा. पाण्यातलं लोखंड आणि गाळ तिथे घट्ट बसतो. मग प्रेशरची बातमी स्विचपर्यंत उशिरा पोचते आणि गेज एक सांगतो, स्विच दुसरं करतो. करंट बंद करून, टँकचं प्रेशर शून्य करून निपल काढा. तारेने साफ होत असेल तर ठीक, नाहीतर बदला.

## ८. लहान नट, आणि त्याला सहसा हात का लावू नये

लहान स्प्रिंगवरचा नट, सर्वसाधारण रचनेत, फक्त कट-आउट हलवतो. आवळला की कट-आउट वर जातो, कट-इन तिथेच राहतो, म्हणजे फरक वाढतो. काही बनावटींत हाच नट कट-इन हलवतो, काहींत तो नसतोच. झाकणातली आकृती बघा. आकृती गेली असेल तर अर्धा फेरा देऊन मोजा, कुठला आकडा हलला ते दिसेलच.

नवख्यांचा घोटाळा नेमका इथे होतो. नट लहान म्हणून परिणामही लहान, असं वाटतं. प्रत्यक्षात तो जरा जास्त आवळला तर कट-आउट एकटाच पंपाच्या छतापलीकडे जातो आणि पंप थांबत नाही. उलट, फार सैल केला तर फरक इतका कमी होतो की पंप दर थोड्या सेकंदांनी चालू-बंद, चालू-बंद करतो. मोटरला फिरत राहण्यापेक्षा वारंवार सुरू होण्याचा त्रास जास्त. २० पीएसआयचा फरक आहे तो राहू द्या. मोजून तो १७ किंवा २३ निघाला, तरच पाव-पाव फेऱ्याने दुरुस्त करा.

काम करताना पंप थांबत नाहीये आणि काटा नव्या कट-आउटच्या जवळ अडकलाय, असं दिसलं तर वाट बघत बसू नका. एमसीबी पाडा आणि शेवटचा फेरा उलटा फिरवा.

## ९. टँकमधली हवा जुळवा

स्विच वर नेला आणि टँकमधली हवा तशीच ठेवली, तर काम अर्धंच झालं. रिकाम्या टँकमधल्या हवेचं प्रेशर कट-इनपेक्षा दोन पीएसआय कमी हवं. ३० ला २८ होतं. आता ३५ ला ३३ हवं.

ही हवा मोजायची एकच बरोबर पद्धत आहे. करंट बंद, टँकखालचा ड्रेन उघडा आणि गेज शून्यावर येऊन पाणी थांबेपर्यंत वाट बघा. ड्रेन उघडाच ठेवा. मग टँकवर टोपीखाली गाडीच्या चाकासारखा व्हॉल्व्ह असतो, तिथे चाकाचा गेज लावा. पाणी आत असताना लावला तर गेज पाण्याचंच प्रेशर दाखवतो आणि हवा पुरेशी असल्याचा भास होतो. हवा कमी म्हणून तेव्हाच भरणारेही भेटतात. त्यांचा पुढचा आठवडा पंपाकडे बघण्यात जातो.

व्हॉल्व्ह दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतली पिशवी फाटलीय. पिशवी बदलता येणारा टँक असेल तर पिशवी, नाहीतर टँक बदलावा लागतो. हवा भरून हा दोष जात नाही.

हवा जुळवल्याने काय फरक पडतो ते आकड्यांत बघा. १०० लिटरचा टँक ३०/५० वर, हवा २८ असताना पंप न लागता साधारण साडेएकोणतीस लिटर पाणी देतो. ३५/५५ वर हवा ३३ केली तर साडेसत्तावीस लिटर देतो. प्रेशर वाढवल्याची एवढी किंमत मोजावीच लागते. पण हवा २८ वरच सोडली तर पावणेपंचवीस लिटरच मिळतात, म्हणजे पंप आणखी लवकर लवकर लागतो. लहान मोटरचा पंप एकदा लागला की निदान मिनिटभर तरी चालावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. मिनिटाला २५ लिटर देणाऱ्या पंपाला साडेसत्तावीस लिटर बरोबर बसतात.

क्रमही लक्षात ठेवा. प्रेशर वाढवायचं असेल तर आधी स्विच, मग हवा. कमी करायचं असेल तर आधी हवा, मग स्विच. मधल्या वेळात हवा कट-इनपेक्षा जास्त राहिली तर काय होतं ते पुढे काटाच सांगेल.

## १०. पुन्हा चालू करा आणि काटा वाचा

ड्रेन बंद, झाकण घट्ट, करंट चालू. काही स्विचना बाजूला छोटा दांडा असतो. प्रेशर कट-इनच्या सुमारे दहा पीएसआय खाली गेलं की असा स्विच पंप कोरडा चालू नये म्हणून स्वतःच तोडतो. टँक रिकामा केल्यावर असा स्विच आपोआप लागणार नाही. प्रेशर चढेपर्यंत दांडा हाताने धरून ठेवा, मग सोडा. "स्विच बिघडला" म्हणून तो काढून टाकण्याआधी दांडा आहे का ते बघा.

पंप थांबला की पाचवी पायरी पुन्हा करा. या वेळी आकडेच नाही, काट्याची चालही बघा:

काटा सावकाश ३५ पर्यंत उतरतो, ठक्क, सावकाश ५५ पर्यंत चढतो, ठक्क. बरोबर लागलंय.

काटा ३७-३६ पर्यंत नीट येतो आणि एकदम खाली कोसळतो, नळाची धार क्षणभर तुटते, मग पंप लागतो. टँकमधली हवा कट-इनपेक्षा जास्त आहे. पंप लागायच्या आधीच टँक रिकामा होतोय. पाणी काढून थोडी हवा सोडा.

नळ उघडताच काटा झपाट्याने खाली, पंप लागताच झपाट्याने वर, पुन्हा खाली. टँकमध्ये हवा उरलेली नाही किंवा पिशवी गेलीय. हा स्विचचा दोष नाही. नट फिरवून उपयोग नाही.

सगळे नळ बंद, पंप बंद, तरी काटा हळूहळू उतरतो. पाणी कुठेतरी जातंय. टँकनंतरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून बघा. काटा थांबला तर गळती घराच्या बाजूला आहे, बहुधा फ्लशच्या टाकीत. तरीही उतरत राहिला तर पाणी उलटं विहिरीत जातंय, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा फूट व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

शेवटी बादलीची परीक्षा. पंप ५५ ला थांबल्यावर नळाखाली बादल्या भरत जा आणि पंप लागेपर्यंत किती लिटर निघाले ते मोजा. आपल्या १०० लिटरच्या टँकला पंचवीस ते अठ्ठावीस लिटर निघाले तर हवा आणि स्विच एकमेकांशी जुळलेत. दहा-बारा लिटरवरच पंप लागला तर नवव्या पायरीवर परत जा.

## ११. झाकणाच्या आत चार आकडे लिहून ठेवा

पक्क्या शाईच्या पेनने झाकणाच्या आत कट-इन, कट-आउट, टँकमधली हवा आणि तारीख लिहा. मोठ्या नटाला किती फेरे दिले तेही लिहा. परत जायचं झालं तर तेवढेच उलटे द्यायचे.

आणि विहिरीचं पाणी तळाला गेलेल्या दिवसांत एकदा गेजसमोर उभे राहा. नळ बंद करून काटा ५० पासून ५५ पर्यंत जायला किती वेळ घेतो ते मोजा. आज पाच सेकंद लागत असतील आणि तेव्हा तीस लागले, तर छत खाली आलंय. मोठा नट एक फेरा सैल करा आणि टँकमधून तेवढी हवा कमी करा. हवा आधी, नट नंतर.